टाकी कुठे बसवणार?

सांगलीतल्या एका सोलर बसवणाऱ्या कंपनीच्या मालकांनी मला कामासाठी बोलावलं, तेव्हा काम दोन दिवसांचं आहे अशी माझी समजूत होती. गावोगावी, समाजमंदिरात किंवा एखाद्या मंगल कार्यालयात, घराच्या छतावरच्या सोलरची माहिती द्यायची. त्यासाठी बारा मिनिटांचं बोलणं लिहून हवं होतं. समोर शेतकरी, निवृत्त मास्तर, बचत गटाच्या बायका, पतसंस्थेचे कर्मचारी, गावातले एकदोन वायरमन, असे सगळे एकाच वेळी. आधीची संहिता त्यांच्या इंजिनिअरने लिहिली होती. मालक म्हणाले, "ताई, मराठीतच आहे हो, पण लोकांच्या डोक्यावरून जाते. जरा सोपी करून द्या."

पहिलं वाक्य असं होतं: "आमची तीन किलोवॅट पीक क्षमतेची ऑन-ग्रिड सिस्टिम मोनो-पर्क हाफ-कट मॉड्यूल्स, ड्युअल एमपीपीटी स्ट्रिंग इन्व्हर्टर आणि बाय-डायरेक्शनल मीटरसह येते." मराठी म्हणावं तर यात 'आमची' आणि 'येते' एवढंच होतं.

मी लाल पेन घेऊन बसले. अवघड शब्द दिसला की त्याखाली रेघ मारायची आणि समोर घरगुती दाखला लिहायचा. पहिल्या पानावर तेवीस रेघा पडल्या. तेवीस दाखले सुचतीलही, पण बारा मिनिटांत मावायचे नाहीत, कारण 'एमपीपीटी' म्हणायला एक सेकंद लागतो आणि त्याचा दाखला सांगायला अर्धं मिनिट. म्हणून इंजिनिअरला फोन करून एकच विचारलं: यातल्या कोणत्या शब्दांशी गिऱ्हाइकाची पुढे गाठ पडणार आहे? कोटेशनमध्ये, अर्जात, वीजबिलावर, भिंतीवरच्या डब्यावर? त्याने विचार करून पाच-सहा शब्द सांगितले. किलोवॅट, युनिट, पॅनेल, इन्व्हर्टर, नेट मीटर. बाकीचे शब्द समजावण्याची गरजच नव्हती, ते गाळले. 'आयपी ६५' च्या जागी 'या डब्यात धूळ जात नाही, पावसाचं पाणी शिरत नाही' एवढं आलं. वायरमनच्या हातात द्यायच्या वेगळ्या कागदावर सगळे आकडे राहू दिले.

उरलेल्या शब्दांसाठी मी दाखले लिहिले आणि ते घेऊन आत्याकडे गेले. आत्या आमच्या गल्लीतच राहते, वय सत्तरच्या पुढे, वीजबिल स्वतः वाचते आणि चुकलं तर जाऊन भांडते. तिला मी "कळलं का?" असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला माणसं हो म्हणतात, उगाच आपण मठ्ठ ठरायला नको म्हणून. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, "आता हे काकूंना फोनवर सांग." काकू मिरजेला असतात. मी शेजारी बसून ऐकत होते.

किलोवॅट आणि युनिट यातला फरक सांगायला मी पाण्याची टाकी घेतली होती. नळातून पाणी किती जोरात येतं तो किलोवॅट, आणि दिवसभरात टाकीत किती जमलं ते युनिट. शाळेच्या पुस्तकातला हुकमी दाखला. आत्या फोनवर म्हणाली, "अगं, छतावर ते पत्रे बसवतात आणि एक टाकी देतात. त्यात दिवसभर साठतं." मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, "टाकी कुठे बसवणार गं? आधीच दोन आहेत वर."

इथे दोन घोटाळे एकदम झाले होते. आमच्याकडे 'सोलर' म्हटलं की निम्म्या घरांना पाणी तापवणारं सोलर आठवतं, वर आडवी टाकी आणि खाली नळ्या असलेलं. मी संहितेत त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, कारण 'सोलर' हा शब्द मला अवघड वाटलाच नव्हता. त्याच्याखाली लाल रेघ नव्हती. त्यात मी वर टाकीचाच दाखला दिला. छतावर बसवायच्या वस्तूबद्दल बोलताना छतावरच असणारी दुसरी वस्तू दाखल्यात आणली, तर ऐकणारा ती वस्तू सामानाच्या यादीत धरणारच. दुसरा घोटाळा जास्त महाग पडणारा होता. 'साठतं' या शब्दाने तिला वाटलं की वीज घरात साठून राहते. या सोलरला बॅटरीच नसते.

त्या दिवशी संहितेचं पहिलं वाक्य बदललं: "आज ज्या सोलरबद्दल बोलणार आहोत, ते पाणी तापवणारं सोलर नाही. हे वीज तयार करतं, आणि ती वीज घरात साठवत नाही." इंजिनिअरला हे फारच बाळबोध वाटलं. पण पुढे प्रत्येक गावात या वाक्याला दोन-चार जण तरी मान हलवून "असं होय" म्हणाले.

टाकी गेली, मग इस्त्री आणली. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट, आणि हजार वॅट म्हणजेच एक किलोवॅट. आत्याची इस्त्री उलटी करून बघितली तर तिच्यावर ७५० लिहिलेलं. ते चालवून घेतलं असतं, पण आमच्या ओळखीच्या एका वायरमनने ऐकल्याबरोबर हरकत घेतली. "इस्त्री तासभर कुठं चालते, ताई? तापली की आपोआप बंद पडते, गार झाली की चालू. तासाला युनिट नाही पडत." बरोबर होतं. समोर बसलेला एखादा वायरमन असं मोठ्याने म्हणाला असता तर पुढची दहा मिनिटं पाण्यात. मग बादलीत सोडायचा रॉड सुचला. तो मधे बंद पडत नाही. पण तो पाणी तापवतो, आणि आत्ताच पाण्यातून लोकांना बाहेर काढलं होतं. तोही गेला.

शेवटी शंभरचा पिवळा बल्ब सापडला. आता तो कुणी लावत नाही, पण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला 'शंभरचा बल्ब' माहीत असतो आणि तो फक्त जळतो, दुसरं काही करत नाही. असे दहा बल्ब एकदम लावले की एक किलोवॅट. ते दहा बल्ब तासभर जळले की बिलावर एक युनिट. तीन किलोवॅटचं सोलर म्हणजे तीस बल्ब पेटवण्याची ताकद.

या दाखल्याने एक काम मी न सांगता केलं. लोक नेहमी हिशोब करतात की तीन किलोवॅट गुणिले बारा तास उजेड, म्हणजे छत्तीस युनिट. मग महिन्याकाठी मीटर बघतात आणि फसवल्यासारखं वाटतं. आता संहितेत दिवस असा उभा केला: सकाळी आठला ऊन तिरपं असतं, पाच-सात बल्बांपुरतीच वीज. दहा-अकरानंतर वाढत जाते. भर दुपारी स्वच्छ उन्हात पंचवीस-सव्वीस बल्ब. पूर्ण तीस क्वचितच, कारण काचेवर धूळ असते आणि पॅनेल तापलं की वीज थोडी कमी देतं. संध्याकाळी पाचला पुन्हा पाच-सात. या सगळ्याची बेरीज केली आणि ढगाळ दिवसही धरले, तर सरासरी तीसच्या तीस बल्ब चार तास जळल्याइतकी भरते. तीस बल्ब म्हणजे तीन किलोवॅट, गुणिले चार, म्हणजे दिवसाला सुमारे बारा युनिट. महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, आणि पावसाळ्यात बरीच कमी. आत्याने हे काकूंना फोनवर सांगितलं तेव्हा बारा युनिटचा आकडा बरोबर पोचला. शिवाय तिने आपल्या मनाने जोडलं, "आमचं बिल दोनशे युनिटचं येतं, आम्हाला एवढं मोठं लागतच नाही." मालकांना हे ऐकवलं तेव्हा ते थोडे गप्प झाले. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरासाठीचं अनुदान तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत पोचून थांबतं, त्यामुळे विक्रीवाल्यांची ओढ तीन किलोवॅटकडेच असते.

सावलीचा भाग मला सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं. मूळ वाक्य होतं, "पार्शियल शेडिंगमुळे स्ट्रिंग करंट मिसमॅच होऊन जनरेशन लॉस होतो." याच्यामागची गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला कळायलाच हवी. शेजारच्या नारळाची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तर 'एवढ्याशा सावलीने काय होतंय' असं वाटतं आणि माणूस झाड तसंच ठेवून पॅनेल बसवून घेतो.

मला स्लॅब टाकायचा दिवस आठवला. सहा माणसं रांगेत उभी, घमेलं हातोहात वर जातंय. सहा पॅनेलं एकामागे एक जोडलेली असतात, तशीच ही रांग. एकाचा हात दुखायला लागला आणि तो सावकाश घमेलं पुढे द्यायला लागला, की अख्खी रांग त्याच्या वेगाने चालते. बाकीचे पाच कितीही तगडे असले तरी. हे ऐकताना कुणाच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसत नव्हता. गावात प्रत्येकाने स्लॅब बघितलेला असतो.

पण त्याच वायरमनने पुन्हा विचारलं, "बायपास डायोड सांगितला नाहीत?" त्याचं म्हणणं रास्त होतं. पॅनेलच्या मागच्या छोट्या डबीत सहसा तीन डायोड असतात, आणि पॅनेलच्या एका भागावर सावली आली की वीज त्या भागाला वळसा घालून पुढे जाते. म्हणजे माझ्या दाखल्याप्रमाणे सगळं उत्पादन एका पॅनेलच्या पातळीवर घसरायला हवं होतं, पण प्रत्यक्षात तसं होत नाही. मी दाखला पुढे नेला: रांगेतल्या दमलेल्या माणसाला बाजूला बसवतात आणि उरलेले हात लांब करून घमेलं पुढे देतात, म्हणजे रांग अडत नाही. वायरमन हसला. "मग एक माणूस कमी झाला तरी घमेलं तेवढंच वर पोचतं, असं होईल ना." तेही खरं नाही. बाजूला पडलेल्या भागाची वीज गेलीच. इथे मला कळलं की दाखला संपला. आणखी ताणला तर रांगेत शिडी आणावी लागेल, मग पायऱ्या, आणि लोक सोलर सोडून स्लॅबचाच विचार करत बसतील. म्हणून रांगेची गोष्ट 'बाजूला बसवतात' इथे तोडली आणि पुढचं वाक्य सरळ लिहिलं: "असा भाग बाजूला पडला की त्या पॅनेलची साधारण एक तृतीयांश वीज जाते, सावली दोन-तीन पॅनेलांवर पसरली तर नुकसान त्या हिशोबाने वाढतं. म्हणून बसवण्याआधी सकाळी नऊ ते दुपारी चार सावली कुठे फिरते ते छतावर उभं राहून बघा." वायरमनचं समाधान झालं आणि बाकीच्यांचंही काही अडलं नाही.

नेट मीटरसाठी मूळ संहितेतच दाखला होता, बँकेच्या खात्याचा. दिवसा वीज जमा करा, रात्री काढा. मी तो तसाच ठेवला, चांगला वाटला म्हणून. पतसंस्थेत काम करणाऱ्या एका मैत्रिणीला वाचून दाखवला तेव्हा तिने लगेच विचारलं, "व्याज किती? आणि जमा रक्कम हवी तेव्हा रोख मिळते?" तिने चेष्टेत विचारलं नव्हतं. खातं म्हटलं की हे दोन्ही प्रश्न त्याला चिकटूनच येतात. इथे व्याज नाही, आणि रोखही हवी तेव्हा नाही. युनिटच्या बदल्यात युनिट मिळतं, आणि आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक उरेल त्याचे पैसे मिळतात ते आपण वीज ज्या दराने घेतो त्यापेक्षा बरेच कमी.

दुसरा दाखला आत्यानेच दिला. "म्हणजे वाटीभर साखरेसारखं की." दुपारी आपल्याकडे साखर जास्त आहे, शेजारणीला वाटीभर दिली. रात्री आपल्याला लागली, वाटीभर आणली. पैशाचा विषयच नाही, वाटीला वाटी. मीटर फक्त दोन्हीकडच्या वाट्या मोजतो. शेजारीण म्हणजे महावितरण, या ठिकाणी सगळे हसायचे, तेवढा वेळ बोलणाऱ्याला घोटभर पाणी प्यायला मिळायचा. त्याला जोडून मी एक वाक्य घातलं जे मूळ संहितेत नव्हतं: "शेजारणीच्या दारात जायचं तर स्थिर आकार दर महिन्याला द्यावाच लागतो, म्हणून बिल कोरं शून्य येणार नाही." कंपनीच्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'वीजबिल शून्य' छापलेलं होतं. ते पत्रक बदलायला दोन महिने लागले.

खरी ओढाताण झाली ती पुढच्या मुद्द्यावर. मूळ वाक्य: "अँटी-आयलंडिंग प्रोटेक्शनमुळे ग्रिड आउटेजच्या वेळी सिस्टिम सुरक्षितपणे शटडाउन होते." हे वैशिष्ट्यांच्या यादीत होतं, बरोबरची हिरवी खूण लावून. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा, की लाईट गेली की तुमचं सोलरही बंद. भर दुपारी, लख्ख उन्हात, छतावर तीन किलोवॅटचं सोलर असताना पंखा बंद.

हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "पण तू आत्ताच म्हणालीस, इन्व्हर्टर देतात." हाही माझ्या लाल पेनातून सुटलेला शब्द. घरोघरी इन्व्हर्टर म्हणजे जिन्याखाली ठेवलेला, बॅटरी जोडलेला डबा, जो लाईट गेल्यावर पंखे चालवतो. सोलरचा इन्व्हर्टर वेगळा. पॅनेलची वीज एका दिशेने वाहणारी असते, तिला घरातल्या विजेसारखी करून देणं एवढंच त्याचं काम, बॅटरी नाही. 'अँटी-आयलंडिंग' ऐकून कुणाचा काही गैरसमज होत नव्हता, कारण काही समजतच नव्हतं. 'इन्व्हर्टर' ऐकून मात्र सगळ्यांची खात्री पटत होती की लाईट गेली तरी आता चिंता नाही. कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रारी याच होत्या, हे मला इंजिनिअरने खाजगीत सांगितलं.

मी दाखले शोधायला लागले. घोडा आणि टांगा, ड्रायव्हर आणि वाहक, काय काय लिहून खोडलं. मग इंजिनिअरला विचारलं, मुळात हे असं बंद का पडतं? तो म्हणाला, "खांबावर माणूस चढलेला असतो ना." लाईट गेली की महावितरणचा लाईनमन दुरुस्तीला खांबावर चढतो. वरून पुरवठा बंद केला, तार मेलेली आहे, असं तो धरून चालतो. त्याच वेळी तुमच्या छतावरून वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून तारेत वीज नाही हे कळताच इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घेतो.

याला दाखल्याची गरजच नव्हती. खरं कारण हेच घरगुती होतं. गावातल्या लाईनमनला सगळे नावाने ओळखतात. मी सरळ लिहिलं: "लाईट गेली की हे सोलर बंद पडतं. बिघाड म्हणून नाही, खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. लाईट नसतानाही पंखे चालायला हवे असतील तर बॅटरीवालं वेगळं सोलर लागतं, ते महाग असतं. आणि याचा इन्व्हर्टर म्हणजे तुमच्या जिन्याखालचा डबा नव्हे."

मालकांनी हा परिच्छेद वाचला आणि कागद टेबलावर ठेवला. "हे शेवटी घेऊया. किंवा कुणी विचारलं तर सांगूया." मी म्हटलं, तुमच्या जुन्या संहितेत हे चौथ्या मिनिटाला होतं, मी तिथेच ठेवलंय, फक्त आता ते ऐकू येतंय. बराच वेळ वाद झाला. शेवटी इंजिनिअरने तक्रारींची वही आणून ठेवली. परिच्छेद राहिला, पण त्यातलं 'महाग' जाऊन 'खर्च जास्त' आलं. तेवढं मी सोडून दिलं.

लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं तर सतरा मिनिटं झाली. बल्बांचा दिवस, घमेल्यांची रांग आणि साखरेची वाटी, तिघांनी मिळून पाच मिनिटं जास्त खाल्ली होती. दाखला कापला तर लंगडा होतो, म्हणून बाकीचं कापलं. कंपनीची वाटचाल, पुरस्कार, पॅनेलचं तंत्र कसं आधुनिक, हे सगळं गेलं. तेरा मिनिटांवर आलं.

पहिल्यांदा ते तासगाव तालुक्यातल्या एका गावात ऐकलं, मी मागच्या खुर्चीवर बसून. खांबावरच्या माणसाचं वाक्य आलं तेव्हा सभेत चुळबूळ झाली, आणि दोन जण उठून गेले. पण कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी एक आजोबा आपल्या मुलाला सांगत होते, "अरे, ते लाईट गेल्यावर चालत नाही म्हणाले. आपल्याला बॅटरीवालं विचार." मुलगा मालकांकडे गेला आणि मालक वळून माझ्याकडे बघायला लागले.

आठवड्याने बॅटरीवाल्या सोलरची संहिता माझ्याकडे आली. यावेळी मी लाल पेन आधी अवघड शब्दांवर चालवलं नाही. शीर्षक वाचलं, 'हायब्रिड सोलर सिस्टिम', आणि तसाच कागद घेऊन आत्याकडे गेले.

"हायब्रीड?" ती म्हणाली. "त्या ज्वारीसारखं? नको गं बाई, चव नसते तिला."